मदत हवी आहे : बुडीत कर्जाच्या समायोजनेवर ज्युनिअरला लिहिलेले पत्र तपासून हवे आहे

शेवटचे_वर्ष_पुणे

नमस्कार. मी पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वसतिगृहातली पहिल्या वर्षाची एक मुलगी अकाउंट्सची उजळणी करते आहे. समायोजनांच्या एंट्र्या तिने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून पाठ केल्या आहेत, पण गणितातले आकडे किंवा शब्द थोडे बदलले की तिचा ताळेबंद जुळत नाही. तोंडी सांगितलेले तिला तेवढ्यापुरते पटते आणि दुसऱ्या दिवशी पुसले जाते, म्हणून मी तिला पत्र लिहिले आहे. ते तिच्या हातात देण्याआधी कोणी जाणकाराने वाचावे, अशी विनंती आहे. शेवटच्या परिच्छेदातल्या विधानाबद्दल मला स्वतःलाच पुरेशी खात्री नाही. तिचे नाव काढून पत्र खाली देत आहे.

प्रिय …,

काल तुझी वही पाहिली. समासात तू लाल शाईने लिहिले आहेस, "आत असेल तर एकदा, बाहेर असेल तर दोनदा." हे वाक्य चुकीचे नाही, पण ते का खरे आहे हे ठाऊक नसल्यामुळे तू त्याच पानावर त्याच्या विरुद्ध वागली आहेस. ते गणित आपण पुन्हा पाहू.

तेरजेत ऋणको ८४,०००, बुडीत कर्ज १,५०० आणि जुना आर.डी.डी. ३,००० आहे. खाली समायोजनेत म्हटले आहे की आणखी ४,००० बुडीत धरा आणि ऋणकोंवर ५ टक्के आर.डी.डी. करा. तू ८४,००० मधून आधी १,५०० वजा केलेस, मग ४,००० वजा केलेस, उरलेल्या ७८,५०० वर ५ टक्क्यांनी ३,९२५ काढलेस आणि ताळेबंदात ७४,५७५ लिहिलेस. नंतर ताळेबंदात १,५०० चा फरक आला आणि तू रात्री साडेअकरापर्यंत सगळ्या बेरजा तपासत बसलीस. बेरजा बरोबरच होत्या.

त्या १,५०० चे काय झाले असेल ते डोळ्यांसमोर आण. वर्षाच्या मध्ये कधीतरी एका गिऱ्हाइकाचे पैसे येणार नाहीत हे दुकानदाराला कळले. त्याच दिवशी रोजकीर्दीत बुडीत कर्ज खाते नावे झाले आणि त्या गिऱ्हाइकाचे खाते जमा झाले. म्हणजे ऋणको त्याच दिवशी १,५०० ने कमी झाले. तेरजेतले ८४,००० हे ती रक्कम वजा होऊन उरलेले आहेत. तू ती पुन्हा वजा केलीस, तेव्हा एकाच माणसाचे कर्ज दोनदा बुडवलेस. तेरजेत बुडीत कर्ज दिसते आहे याचा अर्थच असा की त्याची एंट्री दोन्ही बाजूंनी होऊन गेली आहे. आता फक्त ते खाते नफा-तोटा खात्याकडे न्यायचे राहिले आहे.

समायोजनेतल्या ४,००० ची गोष्ट वेगळी आहे. ती बातमी वर्षअखेरीला, तेरीज काढून झाल्यावर आली. तिची एंट्री कोणीच केलेली नाही, म्हणून ती तुला करायची आहे, आणि एंट्री म्हटली की नावे आणि जमा या दोन्ही बाजू आल्या. बुडीत कर्ज ४,००० ने वाढेल आणि ऋणको ४,००० ने कमी होऊन ८०,००० राहतील. तुझ्या समासातल्या "दोनदा"चा अर्थ एवढाच आहे.

आता ५ टक्के ८०,००० वर का, ८४,००० वर का नाही? ज्याचे पैसे बुडाले हे नक्की झाले त्याच्याबद्दल शंका उरलेली नाही. जे अजून देणेकरी म्हणून वहीत आहेत त्यांच्यापैकी काही जण बुडवतील अशी शंका आहे, आणि तरतूद त्या शंकेसाठी असते. म्हणून नवा आर.डी.डी. ४,००० आणि ताळेबंदात ऋणको ७६,०००.

राहिला जुना आर.डी.डी. तो वजा का करायचा हे तू मला तीनदा विचारलेस, आणि मी "नियम आहे" असे म्हणाले. ती माझी चूक होती. दुकानदाराने गेल्या वर्षीच्या नफ्यातून ३,००० बाजूला काढून ठेवले होते, कारण त्याला अंदाज होता की काही पैसे बुडतील. या वर्षी प्रत्यक्षात १,५०० आणि ४,००० मिळून ५,५०० बुडाले. बाजूला ठेवलेले ३,००० त्यात खर्ची पडले आणि २,५०० कमी पडले. शिवाय पुढच्या वर्षासाठी ४,००० पुन्हा बाजूला काढायचे आहेत. तेव्हा या वर्षीच्या नफ्यातून २,५०० अधिक ४,०००, म्हणजे ६,५०० जायला हवेत. तू पाठ केलेल्या मांडणीनेही हाच आकडा येतो, पण असा विचार केलास तर अधिक-वजाच्या खुणा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

उद्या हेच गणित जुना आर.डी.डी. १२,००० धरून सोडव. ५,५०० खर्ची पडूनही ६,५०० उरतात. गरज ४,००० ची आहे. मग उरलेल्या २,५०० चे काय करायचे आणि ते नफा-तोटा खात्याच्या कोणत्या बाजूला जातील, हे पुठ्ठा न पाहता सांग.

शेवटी ताळेबंद जुळला, की उत्तर बरोबर आहे असे समजून पुढच्या गणिताकडे जा.

तुझी ताई

---

पेठेतला_विद्यार्थी

पत्र चांगले आहे, पण मला ते लांब वाटले. पहिल्या वर्षाला नियम पाठ असले तरी पुरते, असा माझा अनुभव आहे. देणाऱ्याचे खाते जमा, घेणाऱ्याचे खाते नावे, एवढे पक्के असेल तर अडत नाही. उदाहरणार्थ, गेल्या वर्षी बुडीत लिहिलेल्या गिऱ्हाइकाने या वर्षी ६०० रुपये आणून दिले, तर रोख नावे आणि तो देणारा म्हणून त्याचे खाते जमा. यात समजून घेण्यासारखे वेगळे काय आहे?

---

नाना_पेठ_किराणा

मी शिक्षक नाही, माझे दुकान आहे. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचे १८,००० रुपये दीड वर्षापासून अडकले आहेत. आमचे हिशेब लिहिणारे गृहस्थ म्हणतात की आता ते बुडीत लिहून टाका. एकदा तसे लिहिले की मला त्याच्याकडे पैसे मागता येणार नाहीत, अशी मला भीती आहे. ताईंनी आपल्या पत्रात याबद्दल काही लिहिलेले दिसले नाही, तेव्हा वसुलीसाठी काय करावे ते कृपया सांगावे.

---

खतावणी_तीस_वर्षे

मी एका व्यापारी पेढीत हिशेबनीस आहे. तिघांनाही क्रमाने उत्तर देतो.

ताई, तुमचे आकडे बरोबर आहेत. मुलीच्या ताळेबंदात नेमका १,५०० चा फरक का आला, हेही तिला दाखवा. तिने ऋणको १,४२५ ने कमी दाखवले आणि नफ्यातून ६,५०० ऐवजी ६,४२५ वजा केले, म्हणजे नफा ७५ ने जास्त दाखवला. दोन्ही मिळून १,५०० होतात. फरकाची रक्कम तेरजेतल्या किंवा समायोजनेतल्या एखाद्या आकड्याएवढी निघाली, तर बेरजा तपासण्याआधी त्या आकड्याच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. आमच्याकडे नवीन मुले येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या आठवड्यात हेच दाखवतो.

मात्र तुमचा शेवटचा परिच्छेद काढून टाका. समजा तिने ५ टक्के ८४,००० वर काढले. आर.डी.डी. ४,२०० होईल, नफ्यातून ६,७०० जातील आणि ऋणको ७५,८०० दिसतील. नफाही २०० ने कमी आणि मालमत्ताही २०० ने कमी, म्हणजे ताळेबंद व्यवस्थित जुळेल आणि उत्तर मात्र चुकलेले असेल. एंट्रीची एक बाजू राहिली किंवा एक बाजू दोनदा झाली, तर ताळेबंद ते दाखवतो. रक्कमच चुकीची धरली आणि ती दोन्हीकडे सारखीच नेली, तर तो काहीही दाखवत नाही.

पेठेतले विद्यार्थी, तुमच्या उदाहरणातली रोख नावे ही बाजू बरोबर आहे. दुसरी बाजू तपासा. गेल्या वर्षी बुडीत लिहिले तेव्हा त्या गिऱ्हाइकाचे खाते शून्यावर आले. आता त्यात ६०० जमा केले, तर वही असे म्हणेल की आपणच त्याचे ६०० देणे लागतो. तुम्ही नियम शब्दशः लावलात, पण त्या खात्यात आज काय शिल्लक आहे ते पाहिले नाही. ही रक्कम बुडीत कर्ज वसुली म्हणून जमा होते आणि नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला जाते. काही पेढ्या आधी गिऱ्हाइकाचे खाते पुन्हा उभे करतात, म्हणजे त्याचा इतिहास एका जागी राहतो, आणि मग त्यात रोख जमा करतात. शेवट एकच होतो.

नाना पेठेतले काका, बुडीत लिहिणे ही आपल्या वहीतली नोंद आहे. तिने गिऱ्हाइकाची सुटका होत नाही, तुम्ही पैसे मागू शकता. पण दावा लावायला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते आणि तुमचे दीड वर्ष गेले आहे, तेव्हा वकिलांना लवकर भेटा. तुमचे हिशेबनीस घाई करत आहेत त्याला प्राप्तिकराचेही कारण असू शकेल. तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला नुसत्या तरतुदीची वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष बुडीत लिहिलेल्या रकमेची मिळते. ताई, त्या मुलीला आर.डी.डी. आणि बुडीत कर्ज ही दोन खाती वेगळी का, असा प्रश्न पडला तर हे उत्तर तिला उपयोगी पडेल.

---

पेठेतला_विद्यार्थी

वसुलीची एंट्री माझी चुकली, मान्य आहे. तरीही परीक्षेत घड्याळ समोर असताना प्रत्येक समायोजनेची अशी गोष्ट रचत बसायला वेळ कुठून आणायचा, हा माझा प्रश्न कायम आहे. मला पाठ मांडणीनेच वेळेत पेपर पूर्ण करता आला.

---

शेवटचे_वर्ष_पुणे

सर्वांचे आभार. शेवटचा परिच्छेद काढला आहे आणि त्याजागी ८४,००० वर ५ टक्के काढल्याचे उदाहरण घातले आहे. वेळेबाबत मी तिला असे सुचवणार आहे की उजळणीत प्रत्येक समायोजनेची पूर्ण एंट्री लिहायची आणि परीक्षेत मांडणीच वापरायची. याने तिचा वेग कितपत वाढेल हे पुढच्या दोन-तीन सराव-पेपरांत कळेल.

एक शंका राहिली. तिच्या सरावसंचात एका गणितात "आर.डी.डी. ५ टक्के ठेवा" असे आहे आणि दुसऱ्यात "आणखी ५ टक्के आर.डी.डी. करा" असे आहे. दोन्हींचा अर्थ एकच घ्यायचा का?

---

खतावणी_तीस_वर्षे

"ठेवा" म्हटले असेल तर वर्षअखेरीची शिल्लक ५ टक्के हवी, यात शंका नाही. "आणखी" या शब्दाने जुन्या निधीत भर घालायची असाही अर्थ निघतो, आणि मग जुना ३,००० वजा न होता नवा ४,००० त्यावर चढेल. गणित रचणाऱ्याच्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असावा, पण केवळ शब्दांवरून मी तसे ठामपणे सांगणार नाही. तिने उत्तराखाली कोणता अर्थ घेतला ते एका ओळीत लिहावे आणि वर्गात सरांना विचारून घ्यावे.