एका पगारावर दोन जप्त्या: कंपनीने आधी कोणाचं कापायचं?

पगारपत्रक_पुणे: आमच्या खासगी कंपनीतल्या एकाचा मासिक पगार ४०,००० रुपये. बँकेच्या वैयक्तिक कर्जाच्या हुकूमनाम्यावरून महिन्याला १३,००० रुपयांची जप्ती सुरू आहे. आता कुटुंब न्यायालयाकडून बायको आणि मुलीच्या पोटगीचे १२,००० कापून भरण्याचा आदेश आलाय. माझं मत असं की पोटगी आधी द्यावी आणि बँकेची कपात आम्हीच थांबवावी. चुकतंय का?

दरखास्तवाला: पोटगी आधी हे बरोबर, पण बँकेची कपात तुम्ही थांबवायची नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ४८-अ प्रमाणे जप्तीचा आदेश मालकावर बंधनकारक असतो. तो मोडून जी रक्कम कर्मचाऱ्याच्या हातात जाईल ती कंपनीच्या खिशातून वसूल होऊ शकते. साहेबांची परवानगी, कर्मचाऱ्याची विनंती, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही.

आता हिशोब. कर्जासाठी त्याच संहितेचं कलम ६० पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सोडून देतं. ३९,००० चा दोन तृतीयांश २६,००० होतो, म्हणजे २७,००० ला हात लावता येत नाही आणि १३,००० जप्त होतात. बँकेने कमाल मर्यादा गाठलेली आहे. पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश, म्हणजे १३,३३३ रुपये सुरक्षित असतात. दोन्ही आदेश मिळून २५,००० होतात, १५,००० उरतात. या कलमापुरतं बघितलं तर दोन्ही बसतात.

कामगारमित्र: या हिशोबाने माणसाने जगायचं कसं? पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात १३,००० राहतात. वेतन संहितेचं कलम १८ स्पष्ट सांगतं की एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये, आणि न्यायालयाच्या आदेशाची कपातही त्याच निम्म्यात मोजली जाते. निम्मा म्हणजे २०,०००. इथे २७,००० कापले जातायत. दुसरं, कोणतीही जप्ती २४ महिन्यांनी आपोआप संपते.

दरखास्तवाला: २४ महिन्यांची सवलत कर्जासारख्या हुकूमनाम्यांना आहे, पोटगीला नाही. एकाच हुकूमनाम्यावर मिळून २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. मध्ये खंड पडला असेल तर कापलेले महिनेच मोजायचे. तरी २४ वा हप्ता भरताना सगळ्या तारखा लिहून न्यायालयाला कळवा, गुपचूप बंद करू नका. निम्म्याच्या मर्यादेचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण तो कंपनीने पगारपत्रकावर निकालात काढायचा नाही.

सातारकर: माझ्या पगारातून पतसंस्था दरमहा ६,००० कापते. कसलाही न्यायालयाचा आदेश नाही. हे बेकायदा ना?

दरखास्तवाला: नाही. कर्ज घेताना संस्थेला कपातीचं करारपत्र सही करून दिलं असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली मालकाला कापावंच लागतं. प्रश्न वेगळा आहे. पण वसुली एजंटाचं पत्र, वकिलाची नोटीस किंवा लवादाच्या निवाड्याची नुसती प्रत यांना या कलमाचा आधार मिळत नाही. लवादाचा निवाडाही दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून न्यायालयामार्फतच वसूल होतो.

आशा_ठाणे: कामगारमित्र, तुम्ही फक्त ज्याचा पगार कापला जातो त्याची बाजू धरली. १२,००० मध्ये मुलीची फी आणि घरभाडंही असतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क वित्तीय धनकोंच्या हक्कापेक्षा वरचा धरला आहे. बँक व्याज लावून थांबू शकते, मूल थांबू शकत नाही.

कामगारमित्र: पोटगी द्यायलाच हवी, त्यावर वाद नाही. मग बँकेची कपात कमी व्हायला हवी, आणि तसं न्यायालयाला सांगण्याची जबाबदारी कंपनीने घ्यायला हवी. कर्मचाऱ्याकडे वकिलाचे पैसे कुठे आहेत?

पगारपत्रक_पुणे: म्हणजे आता नेमकं काय करू?

दरखास्तवाला: पोटगीचा आदेश मिळाल्याची तारीख आजच नोंदवा आणि या महिन्याच्या पगारातून १२,००० आदेशात सांगितल्याप्रमाणे भरा. बँकेचे १३,००० ही तसेच चालू ठेवा. नियमाप्रमाणे जप्तीयोग्य हिस्सा आधीच जात असेल, तर नंतरचा आदेश चालू जप्तीच्या संपूर्ण तपशिलासह त्या न्यायालयाकडे परत पाठवायचा असतो. इथे पोटगीचा हिस्सा मोठा असल्याने आदेश परत करण्याचं कारण दिसत नाही. पण दोन्ही न्यायालयांना एकाच आठवड्यात पत्र द्या: एकूण पगार, पीएफ, व्यवसाय कर, दोन्ही दरखास्तींचे क्रमांक, आत्तापर्यंत कापलेली रक्कम, हातात उरणारी रक्कम, आणि निम्म्याच्या मर्यादेबाबत निर्देशाची मागणी. पोच घेऊन ठेवा. कर्मचाऱ्याला प्रत द्या, म्हणजे तो स्वतः अर्ज करू शकेल.

कामगारमित्र: आणि निर्देश यायला चार महिने लागले तर? तोवर २७,००० च कापत राहणार?

दरखास्तवाला: हो, स्थगिती येईपर्यंत कापावेच लागतील. हे कडक आहे, पण कंपनीने परस्पर कमी केलं तर फरक कंपनीच्या अंगावर येतो.

कामगारमित्र: मला हे मान्य नाही. कलम १८ ची सुरुवातच ‘इतर कायद्यात काहीही असलं तरी’ अशी आहे. वीस हजारांच्या वर कापणारी कंपनी उद्या कामगार विभागाला काय उत्तर देणार?

पगारपत्रक_पुणे: पत्राचा मसुदा आजच करते. हा शेवटचा प्रश्न त्यात जसाच्या तसा घालते.