स्मार्ट ऑब्जेक्ट केलं की झालं?

रोहन: फोटोशॉपमध्ये फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग बिनधास्त खोडा, हवा तितका लहान-मोठा करा. व्हेक्टर मास्कचा सोस कशाला?

पेनवाली: खोडा? स्मार्ट ऑब्जेक्टवर इरेझर टेकवला की रास्टराइझ करू का, असं विचारतं. तुम्ही ओके दाबत असणार. स्मार्टपणा तिथेच संपला!

मास्क लावलात तरी काम अर्धंच. ६००० पिक्सेल रुंद ग्रुप फोटो घ्या, कडेच्या माणसाला ब्रशने लेयर मास्कमध्ये झाका आणि `Ctrl+T` ने २० टक्क्यांवर आणा. मास्क साखळीने जोडलेला, तोही तेवढाच लहान होतो. आता परत ६० टक्के करा. फोटो मूळ फायलीवरून नव्याने काढला जातो, मास्क मात्र त्या चिमुकल्या मास्कलाच ताणून मोठा होतो. चेहरे लख्ख आणि कापलेली कड पुसट दिसली, की समजा हेच झालंय. पेनने पाथ काढून व्हेक्टर मास्क केलात तर कड प्रत्येक मापाला नव्याने आखली जाते.

बाळू फ्लेक्सवाला: कडा राहू द्या हो. आमच्या वॉर्डात एका पदाधिकाऱ्याला ग्रुप फोटोतून काढायला लावलं. मी सरळ डिलीट केला. पंधरा दिवसांत साहेब स्वगृही परतले! मूळ फोटो कोणाकडेच नाही. वर दादांचा फोटो नऊ वेळा मोठा करून घेतला, पैसे एकाच डिझाइनचे.

मेघा: एकाचे तरी मिळाले. मला "फक्त मामा तेवढे काढा, पाच मिनिटांचं काम" म्हणून फुकट राबवलं.

बाळू फ्लेक्सवाला: पाच मिनिटं! यांच्या घरी घड्याळंच वेगळी असतात.

विद्या: पैशांचं रडगाणं दुसरीकडे गा. पेनवाली, गजरा आणि भुरभुरणारे केस पेनने कापून दाखव, मग बोल. मी पिक्सेल मास्कच वापरते, पण आत. लेयरच्या थंबनेलवर डबल क्लिक, उघडलेल्या फायलीत मास्क, `Ctrl+S`. बाहेर कितीही मापं बदला, मास्क ६००० वरच राहतो.

बाळू फ्लेक्सवाला: हे केलंय मी. `Ctrl+J` ने तीन कॉपी होत्या, तिन्हींतून माणूस गायब!

विद्या: कारण तिन्हींचं मूळ एकच. `New Smart Object via Copy` घ्यायचं होतंत.

पेनवाली: केसांचं मान्य, बाईसाहेब. पण खांद्याची कड जरा सरकवायची तर दर वेळी आतली फाइल उघडत बसणार? माझ्या पाथचा एक बिंदू ओढला की झालं.

रोहन: इरेझरचं चुकलं, घ्या, फटाके वाजवा. पण मूळ फोटोच ८०० पिक्सेलचा असेल तर तुमचा पाथ काय दिवे लावणार?

पेनवाली: काहीच नाही. `Ctrl+T` केल्यावर वरच्या पट्टीत `W` १०० च्या पुढे गेला, की कड धारदार आणि आतला माणूस धुरकट.

बाळू फ्लेक्सवाला: आमचे दादा व्हॉट्सॲपवरूनच फोटो पाठवतात. वीस फुटी फ्लेक्ससाठी.