तलवारींची राणी : करारी, खमकी की फटकळ?

सावनी : टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांच्या, एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. त्यातल्या 'तलवारींची राणी' या पत्त्याचा अर्थ दिलाय : हक्क गाजवणाऱ्या नातेवाइकांना ठामपणे, पण सभ्यपणे मर्यादा घालून देणारी बाई. मी 'करारी' लिहिलं. संपादक म्हणतात, 'फटकळ' करा, चटकन कळतं. मला पटत नाही.

अरुंधती : फटकळ नकोच. १९०९ च्या संचातलं पामेला कोलमन स्मिथ यांचं चित्र नीट बघा. राणीच्या उजव्या हातातली तलवार सरळ उभी आहे, कुणावर रोखलेली नाही. डावा हात पुढे केलेला आहे, म्हणजे 'बोला, ऐकते' असं. फटकळपणा पत्ता उलटा पडला की येतो.

विनायक : सरळ 'इस्पिकची राणी' म्हणा ना. इस्पिक हा शब्द पोर्तुगीज 'एस्पादा'वरून आला, आणि एस्पादा म्हणजे तलवारच!

अरुंधती : स्पॅनिश-इटालियन पत्त्यांत तलवारी असतात, हे खरं. पण फ्रेंच पत्त्यांत त्या जागी 'पीक' आहे, म्हणजे भाला. आपलं इस्पिक कुठून आलं, हे एवढ्यावरून ठरत नाही.

शरदराव : 'खड्गराज्ञी' हा शब्द असताना ही ओढाताण कशाला?

माधुरी : खड्गराज्ञी घरात कोण म्हणणार, काका? मला हा पत्ता आला तो नणंदेच्या प्रश्नावर. दर मे महिन्यात त्या मुलांसह महिनाभर आमच्याकडे. मी कारणं सांगायचे : ऑफिस, पाणी, मुलाचा क्लास. प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा तयार. पत्ता वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, कारणांची यादी म्हणजे वाटाघाटीचं आमंत्रण. मग एवढंच म्हणाले, "वन्सं, १० ते १५ मे जरूर या, मी रजा टाकते. त्यापुढे जमणार नाही." त्या रुसल्या. "तुला आम्ही जड झालो का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो, पण १५ पर्यंतच." नवीन कारण दिलं नाही.

अरुंधती : हेच ते! हात पुढे म्हणजे '१० ते १५ या', आणि तलवार म्हणजे '१५ पर्यंतच'. तुम्ही रागाने जुनी उणीदुणी काढली असती, तर पत्ता उलटा झाला असता.

विनायक : पण हा विधवेचा पत्ता ना? घरातल्या सुनेला कसा लावता?

अरुंधती : १९०९ चा तो संच रचणाऱ्या वेट यांनी वैधव्य, विरह असे अर्थ दिलेत खरे. पण नंतरच्या वाचकांनी त्यातून 'सोसून शहाणी झालेली बाई' असा अर्थ काढला. नाही म्हटल्याने आभाळ कोसळत नाही, हे तिला ठाऊक असतं.

सावनी : मग 'खमकी'?

शरदराव : खमकीत दटावणी आहे, करारीत कोरडेपणा. 'स्पष्टवक्ती' घ्या.

माधुरी : आमच्याकडे नावं ठेवायची असली की 'स्पष्टवक्ती' म्हणतात. वन्संनीच मला म्हटलंय.

विनायक : इस्पिकचं अजून कुणी खोडून काढलेलं नाही, बरं का.