टीव्ही मालिकेतल्या ‘त्या’ हसण्याला काय म्हणावं?

अनुवादिका: मालिकेत विनोदानंतर जे हसणं वाजतं, त्याला मी एका लेखाच्या अनुवादात ‘डबाबंद हास्य’ लिहिलं होतं. संपादकांनी ‘ध्वनिमुद्रित हास्य’ केलं. पण लेखाचा मुद्दा आहे की गर्दीचं हसणं ऐकून ऐकणाराही जास्त हसतो. त्यातली गर्दी कुठे गेली?

जुना वाचक: ‘हशा’ असताना हास्य कशाला? माणूस एकटा हसतो, हशा पिकायला मात्र चारजण लागतात. भाषणांच्या वृत्तांतात कंसात ‘हशा’ छापतात, तो सभेचाच. मूळ शब्द ‘हर्ष’ असावा.

पाणिनीचा पुतण्या: हर्ष कसा? ‘हस्’ धातू समोर दिसतोय की.

ध्वनिसंकलक: मुद्रित म्हणून भागणार नाही, तो रचलेला असतो. अमेरिकेत चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात त्यासाठी पेटीच बनवली. एका कळीवर बारीक खिदळणं, दुसरीवर गडगडाट, आणि हसणं किती वेळ चालवायचं ते पायाखालच्या पेडलवर. म्हणून ‘पेरलेला हशा’.

रोखठोक: शब्द झकास, प्रकार फसवा. मला तर अशा हशाने चीडच येते. विनोद चांगला असेल तर ठिगळ कशाला?

मेधा: चीड येते हे खरं, पण परिणाम होतोच. २०१९ साली लंडनच्या संशोधकांनी ४० पाणचट विनोद घेतले, त्यांना आधी नुसतेच गुण देववले. मग प्रत्येकामागे हसणं जोडलं. तेच विनोद लोकांना जास्त मजेदार वाटले. मुद्दाम काढलेल्या हसण्यापेक्षा आपसूक आलेल्या हसण्याने अधिक. चीड येते ती सारखं तेच हसणं ऐकून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी वर्गात नुसती हसणारी डबी दर मिनिटाला एकदा, अशी दहा वेळा वाजवली. पहिल्यांदा जवळपास निम्मी मुलं हसली, शेवटी बहुतेकांना नकोशी झाली.

सुलू: आम्हा बहिणींचं असंच. ती फोनवर हसायला लागली की कशाला ते न कळताही मला हसू आवरत नाही. याला ‘हसण्याची लागण’ म्हणा ना!

मेधा: सुलूताई, तुमच्या बाबतीत हसणारी बहीण आहे, हेच महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना मागे हशा असलेली एकच विनोदी ध्वनिफीत ऐकवली. हसणारे आपल्यासारखेच विद्यार्थी आहेत असं सांगितल्यावर ते जास्त हसले. परक्या गटाचे म्हटल्यावर तोच हशा फिका पडला. रोगाची लागण मात्र आपलं-परकं बघत नाही. ‘साथीने हसणं’ चालेल?

रोखठोक: साथ म्हणजे पुन्हा रोगाचीच.

जुना वाचक: तबल्याचीही असते! बोलीत लागण रुळलेलीच आहे, उगाच सोवळं नको.

अनुवादिका: आज मजकूर द्यायचाय. पेरलेला की मुद्रित?

पाणिनीचा पुतण्या: एक राहिलंच. हशा पिकतो तशी खसखसही पिकते. ती हसण्यात कुठून आली? माझ्या मते आवाजावरून, दाण्यांवरून नव्हे.