फेलओव्हरचा सराव नेमका कसा घ्यावा? सल्ला हवा

रात्रपाळी: आमच्याकडे पोस्टग्रेसचे तीन सर्व्हर पॅट्रोनीखाली चालतात आणि जावाचे अ‍ॅप्लिकेशन त्यांना थेट जोडलेले आहे. स्टेजिंगवरच्या गेम डेमध्ये मुख्य सर्व्हरवर `systemctl stop patroni` दिले, तेव्हा काही सेकंदांत दुसऱ्या सर्व्हरने काम हाती घेतले. पण एवढ्यावर फेलओव्हर चालतो असे वरिष्ठांना लिहून देण्याचा धीर होत नाही. आणखी काय तपासावे?

टेकडी: `kill -9` वापरा. `stop` दिल्यावर सर्व्हर आवराआवर करून जातो; `kill -9` मध्ये ती सवड मिळत नाही, म्हणजे खऱ्या अपघातासारखेच होते.

जुनी वाट: आमचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या शहरात जातो आणि दर तिमाहीला तो परत उतरवून पाहतो. तेवढे पुरेसे नाही का?

बंदरकाठ: तो सराव चांगलाच आहे, पण प्रश्न चालू सेवा किती वेळात सावरते याचा आहे. टेकडी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. `kill -9` ने प्रक्रिया मरते, पण कर्नल जिवंत असतो आणि तो सगळी कनेक्शन्स बंद झाल्याचे समोरच्याला कळवतो. मशीनची वीजच गेली तर कोणीच काही कळवत नाही. माझ्या आधीच्या कामात तसेच घडले: नवा लीडर मिनिटाच्या आत उभा राहिला, डॅशबोर्ड हिरवा झाला, आणि अ‍ॅप्लिकेशन मात्र आम्ही ते रीस्टार्ट करेपर्यंत मेलेल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसले होते. जावाच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये `socketTimeout` मुळात 0 असतो, म्हणजे वाट पाहण्याला मर्यादाच नसते.

म्हणून लोड चालू असताना हायपरवायजरमधून मुख्य मशीनचे नेटवर्क कार्ड तोडा. नुसते 5432 पोर्ट अडवू नका, कारण पॅट्रोनीचा एट्‌सीडीशी संपर्क टिकला तर जुना लीडर लीडरच राहील. सोबत एक छोटी स्क्रिप्ट दर सेकंदाला क्रमांक लिहीत राहू द्या आणि ज्यांची पोच मिळाली ते क्रमांक वेगळे नोंदवा. किती सेकंदांत लेखन पुन्हा सुरू व्हावे आणि केव्हा प्रयोग थांबवून कार्ड परत जोडायचे, हे आधीच लिहून ठेवा.

रात्रपाळी: काल केले. `ttl` 30 सेकंद असल्याने नवा लीडर 37 व्या सेकंदाला आला, पण पूलमधली 20 पैकी 14 कनेक्शन्स अडकून राहिली आणि ठरल्याप्रमाणे तिसऱ्या मिनिटाला आम्ही थांबलो. पुढच्या फेरीत हे लावले:

```
?targetServerType=primary&socketTimeout=30
```

लेखन मिनिटाच्या आत सुरू झाले. आता महिनाअखेरचा चार मिनिटे चालणारा अहवाल मध्येच तुटतो, आणि पोच मिळालेले दोन क्रमांक नव्या लीडरवर नाहीत.

बंदरकाठ: अहवालासाठी वेगळा पूल ठेवा. क्रमांक हरवले, कारण तुमचे रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे. `synchronous_mode` लावल्यास ते वाचतील, पण प्रत्येक लेखन थोडे मंदावेल.

रात्रपाळी: ते आमच्याकडे हिशेबाचे लोक ठरवतील. त्यांना हरवलेले दोन क्रमांक दाखवणार आहे.