घरचा ग्रुप : छोटूची गाडी

नाना (चोपडा): छोटू परत शोरूमला गेला होता म्हणे. हप्त्यावर गाडी घ्यायची नाही हे मी दिवाळीतच सांगितलं आहे. ट्रॅक्टरच्या हप्त्यांनी चार वर्षं कापसाचा पैसा घरात टिकू दिला नाही, ते सगळ्यांनी पाहिलंय.

छोटू (जळगाव): नाना, फक्त कोटेशन आणलं. कर्ज नकोच. पुढच्याच्या पुढच्या आखाजीला रोखीने घेईन. दीड वर्ष आहे हातात.

आप्पा (भुसावळ): सोपं आहे. गाडी 86 हजार. भागिले 18. महिन्याला 4,778. व्हई जाई.

ताई (धुळे): आप्पा, 86 ही शोरूमची किंमत झाली. छोटू, ऑन रोड किती लिहिलंय?

छोटू: 1,04,000. रोड टॅक्सच साडेनऊ हजार. बाकी विमा, पासिंग, नंबर प्लेट.

ताई: तेच. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम 5 वर्षांचा भरावा लागतो, तो सुटत नाही. आणि भाव आजचा आहे, घ्यायची दीड वर्षाने. 5 टक्के वाढ धर, म्हणजे 1,09,200. दोन हेल्मेट, गार्ड, सीट कव्हरचे 3,800. एकूण 1,13,000.

आप्पा: 86 भागिले 18. उगाच घाबरवू नका पोराला.

आत्या (अमळनेर): कुणी भरताची वांगी आणणार आहे का रविवारी? मागच्या वेळी मीच आणली आणि मीच भाजली.

नाना: आत्या, आधी हे होऊ दे.

आत्या: बरं. माझं कधी ऐकलंय कुणी.

छोटू: ताई, बोनसचे 14 हजार ठेवलेत.

ताई: छान. मग उरले 99 हजार. भागिले 18, महिन्याला 5,500. पगारातून जमेल?

छोटू: पगार 17,500. घरी 7,000, बसपास 1,200, रिचार्ज, चहा, किरकोळ धरून 2,000. उरतात 7,300. पण लग्नसराईत आहेर आला की दोन हजार जातातच.

नाना: घरचे 7,000 कमी कर हवं तर.

छोटू: नाही नाना. ते ठरलेलं आहे.

आत्या: मग पोस्टात आरडी काढ. सरकारी आहे.

ताई: आत्या, पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते आणि 3 वर्षांच्या आत मोडता येत नाही. आपल्याला दीड वर्षाने पैसे लागणार. बँकेत 18 महिन्यांची मिळते.

आप्पा: नाहीतर आमच्या गल्लीतली भिशी आहे. पहिलाच नंबर लावून देतो, गाडी लगेच.

नाना: आप्पा, पहिला नंबर घेतला की पुढचे सगळे महिने तो देणंच लागतो. ते कर्जच झालं. आणि पतसंस्थेत अडकलेले माझे पैसे अजून आलेले नाहीत, तेव्हा भिशी आणि पतसंस्थेचं नाव काढू नका.

आप्पा: मी चांगल्यासाठीच सांगतो. पुढे मी बोलत नाही.

ताई: नानांचं बरोबर आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. छोटू, पूर्ण 5,500 ची आरडी काढू नको. हप्ता एकदा ठरला की ठरला. चुकला की दंड, आणि मध्येच मोडलीस की व्याज घटतं. आहेराचा महिना आला की तू अडकशील.

छोटू: मग?

ताई: आरडी 4,500 ची. ते 18 महिन्यांत 81 हजार. सहा टक्के धरले तर व्याज साधारण 3,800. उरलेल्या 18 हजारांसाठी दुसऱ्या खात्यात महिन्याला 1,000 टाक. आहेर आला त्या महिन्यात ते टाकू नको, पण आरडीचा हप्ता चुकवू नको.

छोटू: पुढच्या दिवाळीचा बोनस?

ताई: आला तर तुटलेले हजार त्यातून भर. आत्ता हिशेबात धरू नको, मालकाने अजून शब्द दिलेला नाही. व्याजही धरू नको, भाव 5 टक्क्यांपेक्षा वाढला तर तेच कामी येईल. आजच्या 14 हजारांची 18 महिन्यांची ठेव करून टाक, नाहीतर मोबाईलमध्ये जातील.

आप्पा: 86 भागिले 18 म्हणजे 4,778 झाले होते. तुमचे 5,500. फरक 722 चा, त्यासाठी एवढी चर्चा.

ताई: आप्पा, 722 गुणिले 18 म्हणजे जवळपास 13 हजार. शिवाय तुमच्या हिशेबात बोनसचे 14 हजार धरलेलेच नाहीत. ते धरूनही शोरूमच्या काउंटरवर 13 हजार कमी पडले असते, आणि तिथेच फायनान्सवाला बसलेला असतो.

नाना: हे लक्षात ठेव छोटू.

छोटू: पगार 7 ला होतो. हप्ता 8 तारखेला आपोआप कापायला सांगतो. उद्या जेवणाच्या सुट्टीत बँकेत जातो.

आप्पा: दर तीन महिन्यांनी नवीन कोटेशन घेत जा. भाव कळत राहील.

ताई: हे मात्र पक्कं, आप्पा.

आत्या: वांगी कोण आणतंय?

छोटू: मी आणतो आत्या. आणि भाजतोही मीच.