माईकचा हात आणि मोकळा हात

«सोलापुरात बचत गटाच्या मेळाव्यात माईक हातात धरून बोलते. हातवारे केले की आवाज कमी-जास्त होतो, हात आवरले की दबतो.»

ताई, दोन्ही हातांची कामं वेगळी करा. माईकच्या हाताचं कोपर बरगडीला हलकं टेकवा. माईक हनुवटीसमोर, तोंडापासून चार बोटांवर. बाजूला बघताना धडासकट वळा. नुसती मान वळली की माईक मागे राहतो आणि शब्द विरतो.

मोकळा हात पोटाशी दाबू नका, तिथेच श्वास अडतो आणि आवाज दबतो. तो कमरेच्या जरा वर, काखेत थोडी फट ठेवून असू द्या. ‘हप्ता दहा तारखेच्या आत भरायचा’ हे वाक्य घ्या. हात ‘दहा’वर पुढे येऊ दे, ‘भरायचा’पर्यंत तिथेच थांबू दे, मग खाली. शब्दागणिक हात उडाला तर ‘दहा’ त्यात हरवतो, खांदेही वर चढतात.

पदर आधीच पिनने नीट लावा, नाहीतर हात सारखा तिकडेच जातो. दोन्ही पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल.

मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून आवाज बंद ठेवून बघा. पुन्हा पुन्हा दिसेल तो चाळा, आधी तोच सोडवा.